दातांच्या उपचारांची भीती: गुंगी देऊन काम करून घ्यावे का?

निशिगंध

माझे वय 43 आहे आणि गेल्या 14 वर्षांत मी दातांच्या डॉक्टरांची पायरी चढलेले नाही. दोन महिन्यांपासून डावीकडची खालची दाढ गार पाण्याने सणकते आणि पाणी गिळून झाल्यावरही ती कळ मिनिटभर तशीच राहते. आता रात्री आडवे झाले की ठणका सुरू होतो. मागच्या आठवड्यात धीर करून गेले. एक्स-रे काढून त्यांनी रूट कॅनॉल करावे लागेल असे सांगितले. मी पुढची वेळ न घेताच घरी आले.

भीतीचे कारण मला नेमके ठाऊक आहे. 26 व्या वर्षी उजवीकडची खालची दाढ काढताना भुलीचे इंजेक्शन दिले, ओठ बधिर झाला आणि डॉक्टरांनी काम सुरू केले. दाढ हलवताच डोळ्यांपुढे अंधारी यावी अशी कळ आली. मी हात पुढे केला तेव्हा "हा नुसता दाब आहे, दुखणे शक्यच नाही" असे सांगण्यात आले आणि मदतनीस ताईंनी माझे खांदे धरून ठेवले. त्याच वेळी इंजेक्शननंतर छातीत जोरात धडधडले होते आणि हात थरथरत होते, म्हणून तेव्हापासून मी प्रत्येक फॉर्मवर "भुलीच्या औषधाची ॲलर्जी" असे लिहिते. त्यानंतर एकदा साफसफाईसाठी गेले होते, तेवढेच.

मागच्या आठवड्यातल्या डॉक्टरांनी ॲलर्जीचे वाचून "मग आपण साधे औषध वापरू आणि येताना शांत करणारी एक गोळी घेऊन या" असे सुचवले. माझा प्रश्न असा की, मला सरळ झोपवून हे काम करून घेता येईल का? गॅस, गोळी, शिरेतून दिलेली गुंगी आणि पूर्ण भूल यांपैकी माझ्यासारख्या व्यक्तीने काय मागावे?

रानवाट

ताई, गॅसच मागा. मी दोन दाढा गॅसवर भरून घेतल्या आहेत. नाकावर मास्क ठेवतात, पाच मिनिटांत अंग हलके होते, माणूस झोपतो आणि जाग येते तेव्हा काम झालेले असते. इंजेक्शनची गरजच पडत नाही, त्यामुळे तुमचा ॲलर्जीचा प्रश्नही आपोआप सुटेल. पंधरा मिनिटांनी मी एकटा घरी गेलो होतो.

दंतमित्र

मी 18 वर्षे दंतचिकित्सा करतो आहे आणि निशिगंध यांच्यासारखी हकिकत जवळजवळ प्रत्येक महिन्यात ऐकतो. म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

आधी रानवाट यांच्या प्रतिसादाविषयी. गॅस म्हणजे नायट्रस ऑक्साइड आणि प्राणवायू यांचे मिश्रण. मास्क नाकावर असतो आणि परिणाम लवकर उतरतो, हे त्यांचे म्हणणे बरोबर आहे. काम संपल्यावर काही मिनिटे नुसता प्राणवायू देतात आणि बहुतेक प्रौढ व्यक्ती थोड्या वेळाने आपल्या पायांनी घरी जाऊ शकतात. पण त्या गॅसवर माणूस झोपत नाही. आपण विचारलेले त्याला ऐकू येते आणि तो उत्तरही देतो, फक्त सगळे थोडे दूरवर चालले आहे असे त्याला वाटते. वेदना काहीशी कमी होते, तरी सुजलेल्या दाढेची नस काढण्याइतकी ती कधीच कमी होत नाही. आपल्या दाढांची कीड वरवरची असावी, म्हणून आपले निभावले. रूट कॅनॉलसाठी गॅस दिला तरी भुलीचे इंजेक्शन द्यावेच लागते.

आता मूळ प्रश्न. ताई, आपल्या लिहिण्यात तीन वेगळ्या गोष्टी एकत्र आल्या आहेत आणि गुंगीचा उपयोग त्यातल्या एकीवरच होतो.

पहिली गोष्ट म्हणजे भूल न चढणे. खालच्या दाढांचे हाड जाड असते, त्यामुळे औषध हाडातून झिरपून मुळापर्यंत पोहोचेल याची खात्री नसते. म्हणून जबड्याच्या मागच्या भागात, मुख्य नस हाडात शिरते तिथे औषध सोडतात. ओठ बधिर झाला याचा अर्थ औषध त्या नसेपर्यंत पोहोचले, एवढाच. दाढेच्या आतली नस सुजलेली असेल तर ओठ दगडासारखा झाला तरी दाढ जागी राहू शकते. काही जणांत दाढेला दुसऱ्याच एखाद्या बारीक नसेची फांदीही गेलेली असते. सुजलेल्या खालच्या दाढेत एकाच इंजेक्शनने काम न भागणे हा आमच्या रोजच्या अनुभवाचा भाग आहे. त्यामुळे "दुखणे शक्यच नाही" हे आपल्याला सांगितले गेलेले वाक्य चुकीचे होते. आपल्याला दुखत होते, कारण दाढ बधिर झालेली नव्हती.

दुसरी गोष्ट ॲलर्जीची. भुलीच्या औषधात बहुधा ॲड्रेनलिन मिसळलेले असते, कारण त्यामुळे औषध जागेवर टिकते. त्यातले थोडे रक्तवाहिनीत गेले की छाती धडधडते, हात थरथरतात आणि काही मिनिटांत ते आपोआप ओसरते. आधीच घाबरलेल्या माणसाला हे फार भयंकर वाटते. खऱ्या ॲलर्जीत अंगावर गांधी उठतात, ओठ किंवा पापण्या सुजतात, श्वासात घरघर येते. आजच्या भुलीच्या औषधांची अशी ॲलर्जी अगदी विरळा आहे. शंका असेल तर ॲलर्जीतज्ज्ञांकडे चाचणी करता येते. चाचणी झाल्याशिवाय फॉर्मवरचा शब्द स्वतः खोडू नका, पण त्या वेळी नेमके काय झाले ते डॉक्टरांना सविस्तर सांगा. हे महत्त्वाचे अशासाठी की "ॲलर्जी" वाचून डॉक्टर ॲड्रेनलिन नसलेले "साधे" औषध घेतात. त्याचा परिणाम कमी वेळ टिकतो. ज्या दाढेला भूल चढणे मुळातच अवघड आहे, तिथे त्यामुळे पुन्हा दुखण्याची शक्यता वाढते. म्हणजे त्या दिवसाच्या भीतीतून लिहिला गेलेला शब्दच पुढची वेदना घडवून आणतो.

तिसरी गोष्ट म्हणजे हात पुढे करूनही काम न थांबणे. माझ्या मते आपल्या भीतीचे मूळ इथे आहे. वेदना माणूस विसरू शकतो, पण आपले ऐकले गेले नाही हे विसरत नाही.

एक छोटी प्रश्नावली करून पाहाल का? तिचे पाच प्रश्न आहेत: उद्या डॉक्टरांकडे जायचे असेल तर, बाहेर वाट पाहत बसल्यावर, दातावर ड्रिल लागणार असताना, दातांची साफसफाई होणार असताना आणि हिरडीत इंजेक्शन मिळणार असताना किती काळजी वाटेल. प्रत्येकाला 1 ते 5 गुण द्यायचे. बेरीज 19 किंवा त्याहून अधिक आली तर भीती तीव्र समजतात. या प्रश्नावलीच्या 1969 सालच्या मूळ रूपात इंजेक्शनचा प्रश्नच नव्हता. तो 1995 मध्ये आला. मला बेरजेपेक्षा सुटे गुण अधिक सांगतात, म्हणून ते वेगवेगळे लिहा.

सुमेधा_ल

माझी गोष्ट निराळी आहे, पण कोणाला उपयोग होईल म्हणून लिहिते. मला वेदनेचे भय नाही. सुई दिसली की मला चक्कर येते आणि मी खाली पडते. मला वर्षानुवर्षे सर्वांनी "दीर्घ श्वास घे, अंग सैल सोड" असेच सांगितले. मी मनापासून अंग सैल सोडत असे आणि आणखी लवकर पडत असे. शेवटी एका मानसोपचार करणाऱ्या ताईंनी नेमके उलट शिकवले. हात, पोट आणि मांड्या यांचे स्नायू दहा ते पंधरा सेकंद घट्ट आवळायचे, चेहरा गरम वाटू लागला की सोडायचे, अर्धा मिनिट थांबायचे आणि असे पाच वेळा करायचे. घरी आठवडाभर सराव केल्यावर मी शुद्धीत राहून दाढ भरून घेतली. हातात इंजेक्शन घ्यायचे असेल तेव्हा तो हात मात्र मी सैल ठेवते.

दंतमित्र

सुमेधा ताई, आपला अनुभव अगदी योग्य जागी आला आहे. सुई किंवा रक्त पाहून चक्कर येणाऱ्यांचा रक्तदाब एकाएकी खाली येतो. स्नायू आवळल्याने तो टिकतो आणि अंग सैल सोडल्याने आणखी घसरतो. ज्यांची छाती धडधडते पण चक्कर येत नाही, त्यांना मात्र सावकाश श्वासाचा उपयोग होतो. तिथेही "दीर्घ" या शब्दाने गोंधळ होतो, कारण लोक भराभर आणि खोल श्वास घेऊ लागतात आणि बोटांना मुंग्या येतात. श्वास बाहेर सोडायला आत घेण्यापेक्षा जास्त वेळ लावायचा, इतके केले तरी पुरते. घाबरणे दोन प्रकारचे असते आणि एकाचे औषध दुसऱ्याला अपाय करते, हे दाताच्या खुर्चीजवळ उभे असणाऱ्यांनीही लक्षात ठेवायला हवे.

काठावर

माझे वडील 72 वर्षांचे आहेत आणि त्यांनाही दातांची फार भीती आहे. ते मोठ्याने घोरतात, मध्येच त्यांचा श्वास थांबल्यासारखा होतो आणि झोपेसाठी रोज एक गोळी घेतात. त्यांच्याच झोपेच्या गोळ्या दोन देऊन मी त्यांना दात काढायला नेले तर चालेल ना? वर कोणीतरी गोळीचे लिहिले आहे.

भूलसाधक

मी भूलतज्ज्ञ आहे. काठावर, कृपया असे करू नका. धाग्यातल्या डॉक्टरांनी गोळी "घेऊन या" म्हटले असले, तरी ती त्यांनी नेमून दिलेली हवी. आपल्या वडिलांच्या वर्णनावरून झोपेत श्वास अडण्याचा विकार असण्याची शंका येते. अशा व्यक्तीला गुंगीच्या औषधाने घसा सैल पडून श्वास अडू शकतो आणि या वयात औषध शरीरात जास्त वेळ रेंगाळते. त्यांची आधी तपासणी करून घ्या. त्यांच्यासाठी कदाचित नुसती नीट दिलेली भूल आणि छोट्या छोट्या भेटी हाच मार्ग सुरक्षित ठरेल.

आता निशिगंध ताईंसाठी. तोंडाने घेतलेल्या गोळीची अडचण अशी की तिचा डोस आधीच ठरवावा लागतो. कोणाला ती पुरत नाही, तर कोणाला जास्त होते, आणि पोटात गेल्यावर ती मागे घेता येत नाही. शिरेतून मिडॅझोलम हे गुंगीचे औषध देताना मात्र आम्ही सुरुवातीला एखाद-दोन मिलिग्रॅम देतो, पूर्ण मिनिटभर थांबतो, रुग्णाशी बोलतो आणि बोलणे जड होऊ लागेपर्यंत एकेक मिलिग्रॅम वाढवतो. वयस्कांना यापेक्षा बरेच कमी आणि अधिक थांबून. बोटाला प्राणवायू मोजणारे यंत्र लावलेले असते आणि परिणाम उलटवणारे फ्लुमाझेनिल हाताशी असते. हे काम एकट्या दंतवैद्याने एका हाताने सुई धरून आणि दुसऱ्या हाताने ड्रिल चालवून करायचे नसते. लक्ष ठेवायला शिकलेली दुसरी व्यक्ती हवीच. पूर्ण भूल म्हणजे श्वासाची जबाबदारीही आमच्याकडे, आणि ती रुग्णालयातच. एका रूट कॅनॉलसाठी मी तिच्याकडे वळणार नाही.

मात्र दंतमित्र यांच्याशी एका बाबतीत माझे मत जुळत नाही. गुंगी मागणाऱ्याला आधी भीतीचे मूळ शोधायला लावणे हे ऐकायला चांगले वाटते, पण ज्याला रात्रभर ठणका आहे त्याला तेवढी उसंत नसते. मी असे कितीतरी लोक पाहिले आहेत की जे गुंगीचे नाव ऐकून पहिल्यांदा दारात आले. त्यांना नाही म्हटले असते तर ते थेट चेहरा सुजल्यावर आले असते.

दंतमित्र

आपला मुद्दा मी मान्य करतो, फक्त त्यात एक उणीव आहे. मिडॅझोलम आठवण पुसते. दाढेचे काम होते, पण "मी बसलो, हात वर केला, काम थांबले आणि दुखले नाही" हे शिकणे होत नाही. त्यामुळे पुढच्या वेळी भीती तिथेच उभी असते. लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या संशोधकांनी 2015 मध्ये 130 रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली होती. विचार आणि वर्तन यांवर काम करणाऱ्या मानसोपचारानंतर त्यांतल्या 79 टक्क्यांनी गुंगीशिवाय दातांचे उपचार करून घेतले आणि 6 टक्क्यांना गुंगी लागली. सरासरी पाच भेटी झाल्या होत्या.

आणि दाढ बधिर झाली नसेल तर गुंगीतही ती दुखतेच. रुग्ण कण्हतो, डोके हलवतो. नंतर त्याला आठवत नाही, एवढेच. ते मला बरोबर वाटत नाही.

भूलसाधक

शेवटच्या दोन वाक्यांबाबत आपले पूर्ण एकमत आहे. भूल नीट चढली नसेल तर गुंगी वाढवत नेणे हाच अपघाताचा रस्ता असतो. पण 79 आणि 6 मिळून 85 होतात. उरलेल्यांचे काय? आणि ती मंडळी मुळात अशा सेवेपर्यंत पोहोचलेली होती. अशी सेवा आसपास नसलेल्यांना आपण काय सांगणार?

दंतमित्र

त्याचे उत्तर माझ्याजवळ नाही. माझ्यापुरते मी पहिली भेट फक्त बोलण्यासाठी ठेवतो, पण सर्वांना ते जमेल असे म्हणणार नाही.

निशिगंध

सर्वांचे आभार. प्रश्नावली केली. उद्या जायचे असेल तर 5, वाट पाहताना 4, ड्रिल 5, साफसफाई 2, इंजेक्शन 5. बेरीज 21.

दंतमित्र

बेरीज जास्त आहे, पण साफसफाईचे 2 पाहा. त्या खुर्चीत आडवे होणे, तोंड उघडे ठेवणे, कोणीतरी तोंडात अवजारे घालणे यांची आपल्याला फारशी भीती नाही. भीती आहे ती "बधिर न होता काम सुरू होईल" याची. म्हणून डॉक्टरांकडे गुंगीच्याही आधी दोन गोष्टी मागा. भूल दिल्यावर दाढ थंड फवाऱ्याने तपासूनच काम सुरू करायचे, आणि हात वर केला की अवजार तोंडाबाहेर. दुसरी गोष्ट ड्रिल हातात नसतानाच एकदा करून पाहा. डॉक्टर नुसता आरसा तोंडात ठेवतील, आपण हात वर करायचा आणि आरसा बाहेर येतो की नाही ते पाहायचे. जिथे हे करायला नकार मिळतो, तिथे उपचार घेऊ नका.

आणखी एक. उपचाराच्या तासभर आधी आयबुप्रोफेन घेतल्याने सुजलेल्या दाढेला भूल चढण्याची शक्यता वाढते, असे काही अभ्यासांत दिसले आहे. अल्सर, मूत्रपिंडाचा विकार, दमा असेल किंवा रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील तर मात्र ते घेऊ नये. आधी विचारून घ्या.

निशिगंध

पाच आठवड्यांनी लिहीत आहे. दाढेचे काम झाले. कसे झाले ते क्रमाने सांगते, कारण मी शोधत होते तेव्हा मला असे वर्णन कुठे सापडले नव्हते.

मी डॉक्टर बदलले. नव्या डॉक्टरांना धडधडीची हकिकत सांगितली. त्यांनी अंगावर काही उठले होते का, ओठ सुजले होते का, किती वेळात बरे वाटले असे एकामागून एक विचारले आणि तरीही ॲलर्जीतज्ज्ञांकडे पाठवले. चाचणीत काही निघाले नाही. 17 वर्षे मी तो शब्द लिहीत होते.

पहिल्या भेटीत खुर्ची सरळच ठेवली होती. आरसा तोंडात, हात वर, आरसा बाहेर, असे आम्ही तीन वेळा केले. तिसऱ्या वेळी मी मुद्दाम, काहीच होत नसताना हात वर केला. त्यांनी कारण न विचारता आरसा बाहेर काढला. मला तिथेच रडू आले.

दुसऱ्या भेटीला काम होते. त्यांच्याकडे गॅसची सोय होती, म्हणून आम्ही तो घेऊन पाहिला. मास्क नाकावर आला आणि मला आणखी कोंडल्यासारखे वाटू लागले. मी हात वर केला. त्यांनी लगेच गॅस बंद करून काही मिनिटे नुसता प्राणवायू दिला आणि मास्क काढला. मग गॅसविना पुढे गेलो. त्यांनी हिरडी आधी कोरडी केली, मलम लावून घड्याळ पाहत दोन मिनिटे थांबले आणि नंतर सुई दिली. औषध इतके सावकाश सोडत होते की त्यांचा अंगठा हलतो आहे हेही कळत नव्हते. "आता छाती थोडी धडधडेल, दोन-चार मिनिटांत थांबेल" हे त्यांनी आधीच सांगितले. धडधडली आणि थांबली. नाव आधी कळल्यामुळे ती माझ्या ओळखीची झाली होती.

दहा मिनिटांनी ओठ पूर्ण बधिर होता. डॉक्टरांनी कापसाच्या छोट्या बोळ्यावर थंड फवारा मारला, तो आधी उजवीकडच्या चांगल्या दाढेला लावून दाखवला आणि मग डावीकडच्या दाढेला लावला. मला गार लागले. ओठ बधिर आणि दाढ जागी! 26 व्या वर्षी हेच झाले असणार, हे मला त्या क्षणी कळले. त्यांनी "मग आपण सुरू करत नाही" म्हटले आणि गालाच्या बाजूने आर्टिकेन या भुलीच्या औषधाचे दुसरे इंजेक्शन दिले. दहा मिनिटांनी पुन्हा बोळा लावला. काहीच जाणवले नाही. आणखी एकदा तपासल्यावर ड्रिल सुरू झाले.

अगदी आत, नसेजवळ पोहोचल्यावर एकदा बारीक कळ आली. मी हात वर केला. ड्रिलचा आवाज थांबला. त्यांनी दाढ आणि हाड यांच्यामधल्या फटीत थोडे औषध दिले. ते दाबून देतात आणि तो दाब जाणवतो, पण कळ गेली ती परत आली नाही. पूर्ण काम आणखी एका भेटीत संपले.

काल प्रश्नावली पुन्हा भरली. उद्या जायचे असेल तर 3, वाट पाहताना 3, ड्रिल 2, साफसफाई 1, इंजेक्शन 4. बेरीज 13.

आता नवा प्रश्न उभा आहे. त्याच एक्स-रेमध्ये उजवीकडची खालची अक्कलदाढ हाडात आडवी दिसते आहे आणि तिच्या पुढची दाढ किडू लागली आहे. हिरडी कापून, हाड थोडे कोरून ती तुकड्यांत काढावी लागेल, असे सांगितले. ती बाजू म्हणजे जिथे पूर्वी ते सगळे झाले तीच. मास्क मला नको आहे. इथे शिरेतून गुंगी घ्यावी का?

रानवाट

गॅस सर्वांना मानवत नाही हे मला ठाऊक नव्हते. मी फार ठामपणे लिहिले होते.

दंतमित्र

निशिगंध ताई, या वेळी मी स्वतःहून हो म्हणेन. आडव्या अक्कलदाढेत बधिरता पूर्ण असली तरी दाब आणि दाढ फोडल्याचा आवाज डोक्यात घुमतो, काम लांबते आणि मधे थांबण्याच्या जागा कमी असतात. आपण हात वर केल्यावर काय होते हे एकदा शिकून झालेले आहे, म्हणून गुंगीने ते पुसले जाईल ही माझी भीतीही इथे कमी आहे. तरी अगदी पुसले जाणार नाही, अशी खात्री देत नाही.

भूलसाधक

या वेळी आम्ही दोघे एका बाजूला आलो. तुमचा खरा प्रश्न मला असा वाटतो की, गुंगीत हात वर करता येईल का. ज्या प्रमाणात आम्ही ती देतो, त्यात रुग्ण सांगितलेले ऐकतो आणि हात वर करू शकतो. नंतर त्याला ते आठवत नाही. म्हणून संकेत पाळला गेला की नाही हे तुम्हाला कळण्याचा मार्ग आधीच ठरवून ठेवा. किती वेळा हात वर झाला आणि प्रत्येक वेळी काय केले, हे कागदावर लिहून द्यायला सांगा. मी मागणाऱ्यांना ते देतो. थंड फवाऱ्याची तपासणी गुंगी देण्याआधी, पूर्ण जागेपणी करून घेता आली तर उत्तम, पण क्रम तुमच्या शल्यचिकित्सकांच्या सोयीवर अवलंबून राहील, तेव्हा त्यांच्याशी बोला.

चालू असलेल्या सर्व औषधांची यादी न्या. क्लॅरिथ्रोमायसिन या प्रतिजैविकासारखी काही औषधे मिडॅझोलमचा परिणाम लांबवतात. उपाशी किती वेळ राहायचे ते तिथले भूलतज्ज्ञ सांगतील. घरी नेणारी आणि त्या रात्री सोबत राहणारी प्रौढ व्यक्ती आधी ठरवा. 24 तास गाडी चालवू नका आणि कशावर सहीही करू नका. एका हाताच्या नखांवरचा रंग काढून जा, नाहीतर बोटाला लावलेले यंत्र नीट वाचत नाही.

निशिगंध

कागदाचे विचारते. उद्याच फोन करते.